स्वस्त कर्जाचा कर

बँकेत नोकरी करणाऱ्याला चार-पाच टक्क्यांनी कर्ज मिळतं, याचा बाहेरच्यांना हेवा वाटतो. पण वाचलेलं व्याज प्राप्तिकर खात्याच्या नजरेत पगारच असतं. त्याला ‘परक्विझिट’ म्हणतात.

हे नेहमीच असं नव्हतं. गोव्यातल्या साळगावकर कंपनीने संचालकाला दिलेल्या बिनव्याजी कर्जाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली म्हटलं, की कायद्यात तशी तरतूद नसल्याने यावर कर लावता येणार नाही. मग पुढच्याच वर्षी संसदेने वाट मोकळी करून घेतली.

2024-25चं उदाहरण घेऊ. एकाकडे मोटारीच्या कर्जाचे 1 एप्रिलला 6 लाख बाकी आहेत आणि दरमहा 10 हजार मुद्दल फिटतं. बँक त्याला 4 टक्के लावते. तुलनेला स्टेट बँकेचा 1 एप्रिलचा, त्याच प्रकारच्या कर्जाचा दर घ्यायचा. तो 9 टक्के धरू. वर्षभरात तो कमी-जास्त झाला तरी हिशेबाला 1 एप्रिलचाच. आता प्रत्येक महिनाअखेरची बाकी मांडायची: एप्रिलला 5,90,000, पुढे उतरत मार्चला 4,80,000. बारा बाक्यांची बेरीज 64,20,000. त्यावर 9 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 48,150 आणि 4 टक्क्यांनी 21,400. फरक 26,750 रुपये, तो पगारात मिळवायचा. तीस टक्क्यांच्या टप्प्यात अधिभार नसला, तर उपकरासह सुमारे 8,346 रुपये कर. महिनाअखेरची बाकी मोजत असल्यामुळे जादा रक्कम भरायचीच असेल, तर 1 तारखेऐवजी आदल्या दिवशी भरलेली बरी.

खरी मेख वेगळीच आहे. नियम वजावट देतो ती प्रत्यक्ष भरलेल्या व्याजाची. अनेक बँकांच्या कर्मचारी योजनांत आधी मुद्दल फेडलं जातं आणि व्याज नुसतं साचत राहतं. वरच्या माणसाने त्या वर्षी व्याज म्हणून एक पैसाही भरला नसेल, तर शब्दशः वाचता त्याची परक्विझिट 26,750 नव्हे, 48,150 होते. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण व्याज माफ झालेलं नाही, फक्त मागे ढकललं आहे.

बँक अधिकाऱ्यांच्या संघटनांनी या नियमालाच आव्हान दिलं होतं. एकाच बँकेचा दर सगळ्यांना का, असा एक सवाल होता. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: एकच माप असलं म्हणजे प्रत्येक बँकेच्या दरावरून वाद होत नाहीत. हे पटण्याजोगं आहे.

त्या वर्षीच्या नियमांत दोन सुटी होत्या. सगळी कर्जं मिळून 20 हजारांपर्यंत असतील तर काही नाही, आणि नियमात नमूद केलेल्या गंभीर आजारांच्या उपचारासाठी घेतलेलं कर्जही मोकळं. मात्र विम्यातून परत मिळालेला भाग मोकळा नाही. त्या वर्षी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार असणाऱ्यांना फॉर्म 16 सोबत 12BA मिळत असे, त्यात हा आकडा दिसे. तो फुगलेला वाटला तर महिनाअखेरच्या बाक्या आणि स्टेट बँकेचा धरलेला दर लेखा विभागाकडून मागून घ्यावा. मोटारीच्या कर्जाला दुसऱ्याच प्रकारच्या कर्जाचा दर लागलेला असू शकतो.