थकलेलं बिल आणि एक जुना ईमेल

माल पोहोचवलेल्या किंवा सेवा दिलेल्या कंपनीकडून पैसे येत नाहीत, म्हणून पुरवठादार नादारी आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम ९ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत जातो. बँकेसारखं कर्ज न देता व्यवहारातून ज्याचं येणं झालं, अशा या धनकोला कायदा ऑपरेशनल क्रेडिटर म्हणतो. त्याला वाटतं की बिलं दाखवली, ती थकल्याचं सिद्ध केलं की काम झालं. पण असे बरेच अर्ज थकबाकीच्या पुराव्याअभावी पडत नाहीत. पैशांवरून आधीच वाद होता, हे उघड झाल्याने पडतात.

हे नीट समजायचं तर मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा हा खटला पाहावा. ‘नच बलिये’ या टीव्ही कार्यक्रमासाठी प्रेक्षकांची मतं फोनवरून गोळा करायची होती. ते काम मोबिलॉक्सने किरुसाकडून करून घेतलं. किरुसाने बिलं पाठवली, मोबिलॉक्सने पैसे दिले नाहीत. ३० जानेवारी २०१५ रोजी मोबिलॉक्सने ईमेलने कारण कळवलं: या कामाची माहिती तुम्ही आपल्या संकेतस्थळावर टाकलीत, गोपनीयतेचा करार मोडलात, म्हणून पैसे रोखले आहेत.

पुढे डिसेंबर २०१६ मध्ये किरुसाने कलम ८ खाली सुमारे २० लाख रुपयांची मागणी नोटीस पाठवली. ही नोटीस म्हणजे अर्जाची पहिली पायरी. ती मिळाल्यापासून कंपनीला दहा दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे द्यायचे, किंवा आधीच दिले असल्यास त्याचा पुरावा पाठवायचा, नाहीतर वाद आहे असं कळवायचं. मोबिलॉक्सने चार दिवसांत वाद असल्याचं कळवलं. किरुसाने तरीही अर्ज केला. मुंबई खंडपीठाने तो फेटाळला, अपिली न्यायाधिकरणाने तो निकाल फिरवला आणि २१ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोबिलॉक्सच्या बाजूने निकाल दिला.

करार खरोखर मोडला होता का, हे न्यायालयाने ठरवलंच नाही. कंपनीचा मुद्दा खरा ठरेल की खोटा, हे एनसीएलटीने तपासायचं नाही, असं त्याने सांगितलं. पाहायचं ते एवढंच की वाद नोटिशीच्या आधीपासून आहे का, आणि तो पुराव्याचा काहीच आधार नसलेला, निव्वळ बनाव तर नाही ना. मला हे योग्य वाटतं. दोन व्यापाऱ्यांमधल्या मालाच्या प्रतीच्या भांडणासाठी अख्ख्या कंपनीचा कारभार संचालकांच्या हातून काढून घेणं फार जड होईल. त्या भांडणासाठी दिवाणी न्यायालय किंवा लवाद आहे.

म्हणून पुरवठादाराने नोटिशीचा मजकूर लिहिण्याआधी स्वतःचीच फाइल विरोधी पक्षाच्या नजरेने वाचावी. माल परत आल्याची नोंद, दर्जाबद्दलची तक्रार, ‘हिशेब जुळत नाही’ असा एखादा मेसेज यांतलं काही सापडलं, तर अर्जाचा भरवसा धरू नये. उलट बाजूने भक्कम कागद कोणते? खरेदी ऑर्डर, सही-शिक्क्याची डिलिव्हरी चलनं, बिलं, आणि विशेषतः कंपनीने लिहून दिलेली बाकीची कबुली. ही कबुली येणं सिद्ध करते आणि मुदतही वाचवते. थकल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा लागतो. ती मुदत संपण्यापूर्वी लेखी कबुली मिळाली, तर तीन वर्षं तिथून नव्याने मोजली जातात. वाद असल्याची सूचना आलेली नाही, असं प्रतिज्ञापत्रही अर्जासोबत द्यावं लागतं. पैसे जमा झाले नाहीत, हे दाखवणारं बँकेचं प्रमाणपत्र मिळालं तर उत्तम; ते नसल्याने अर्ज आपोआप बाद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मॅक्वायरी बँकेच्या खटल्यात डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं.

रकमेची अट मात्र आता कठीण झाली आहे. किरुसाच्या वेळी एक लाखाची थकबाकी पुरे होती. २४ मार्च २०२० पासून ती मर्यादा एक कोटी झाली. त्यामुळे लहान कारखानदाराची कितीतरी येणी या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. शिवाय २५ मार्च २०२० पासून वर्षभरात जी थकबाकी झाली, तिच्यावरून हा अर्ज कधीच करता येत नाही.

अर्ज मंजूर झाला तर पुढे काय, याचाही विचार आधीच करायला हवा. कंपनीविरुद्धचे इतर दावे थांबतात, म्हणजे पुरवठादाराचा स्वतःचा वसुलीचा दावाही. कंपनीचं भवितव्य धनको समिती ठरवते. साधारणपणे तिच्यात मत असतं ते बँकांसारख्या वित्तीय धनकोंना. पुरवठादारांची मिळून थकबाकी एकूण कर्जाच्या किमान १० टक्के असली, तर त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीत बसता येतं, पण मत देता येत नाही. कंपनी मोडीत निघालीच, तर सुरक्षित कर्जदात्या बँका आणि कामगारांची देणी आधी भागवली जातात. अर्ज करणाऱ्या पुरवठादाराचा नंबर त्यांच्या बराच मागे लागतो, आणि तोवर अनेकदा वाटायला फारसं काही उरलेलं नसतं.