किडनीतली पाण्याची गाठ: कधी कापायची, कधी नुसती पाहायची?

पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, पित्ताशय ठणठणीत निघालं. पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ होती: उजव्या किडनीत सिस्ट. पन्नाशीनंतर ही ओळ बऱ्याच जणांच्या रिपोर्टमध्ये असते. घरी मग पहिला प्रश्न येतो, "केवढी आहे?" प्रश्न साहजिक आहे, पण चुकीचा आहे. किडनीतल्या पाण्याच्या गाठीत आकाराला फारशी किंमत नाही. तिच्या आत काय आहे, याला आहे.

न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बॉस्नियाक यांनी १९८६ मध्ये सीटी स्कॅनवर दिसणाऱ्या रूपावरून या गाठींची प्रतवारी मांडली. २०१९ मध्ये तिच्या व्याख्या अधिक काटेकोर झाल्या. पायाभूत कल्पना मात्र तीच राहिली: गाठीतल्या कुठल्या भागाला रक्तपुरवठा आहे का? पाण्याला रक्तवाहिन्या नसतात; वाढणाऱ्या पेशींना लागतात. म्हणून स्कॅन आधी डायशिवाय काढतात, मग शिरेतून डाय देऊन पुन्हा काढतात आणि त्याच जागेची घनता दोन्ही वेळा मोजतात. या मापात पाणी म्हणजे शून्य. डायनंतर आकडा २० किंवा त्याहून जास्त चढला, तर तिथे रक्त पोहोचतंय असं धरतात. १० ते २० ची वाढ संशयास्पद. तिथे एमआरआय उपयोगी पडतो.

दोन बायका डोळ्यांसमोर आणा. पहिलीची गाठ नऊ सेंटिमीटरची, म्हणजे चांगल्या मोठ्या संत्र्याएवढी. पण भिंत केसासारखी बारीक, आत पडदा नाही, घनता आधी ८ आणि डायनंतर १०. ही पहिली श्रेणी. तिला ऑपरेशन नको, दरवर्षी स्कॅनही नको. गाठीच्या दाबाने दुखत असेल तरच काही करायचं. दुसरीची गाठ जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. पाण्याची घनता १२ वरून १४ झाली, म्हणजे तिथे काही नाही. पण भिंतीला आतून सात मिलिमीटरचा एक उंचवटा चिकटलेला, आणि त्याची घनता ३२ वरून ८१ वर गेली. ही चौथी श्रेणी. अशा गाठींपैकी दहातल्या नऊच्या आसपास कॅन्सरच्या निघतात. दुसऱ्या बाईची तब्येत ऑपरेशन सोसणारी असेल, तर गाठ काढायलाच हवी. शक्य तिथे सर्जन गाठीपुरता भाग काढून उरलेली किडनी वाचवतात.

दुसऱ्या श्रेणीत एक-दोन-तीन बारीक पडदे किंवा भिंतीत थोडं कॅल्शियम दिसतं. ती निरुपद्रवी, सोडून द्यायची.

खरी घालमेल मधल्या दोन श्रेणींत होते. रिपोर्टवर Bosniak IIF असं छापलेलं असतं. त्यातला F म्हणजे फॉलोअप. डाय घेणाऱ्या भिंतीची किंवा पडद्याची जाडी तीन मिलिमीटर असते, किंवा बारीक पडदे चार-पाच किंवा त्याहून जास्त असतात, पण उंचवटा नसतो. अशी गाठ सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि त्यानंतर दरवर्षी, साधारण पाच वर्षं पाहतात. बहुसंख्य गाठी तशाच राहतात. या काळात गाठ थोडी फुगली म्हणून घाबरायचं नसतं. पडदा जाड झाला किंवा नवा उंचवटा उगवला, तर मात्र श्रेणी बदलते.

तिसऱ्या श्रेणीत डाय घेणारी भिंत किंवा पडदा चार मिलिमीटर वा अधिक जाड, किंवा खडबडीत असतो. त्यातल्या निम्म्याच्या आसपास गाठी कॅन्सरच्या असतात. म्हणजे सरसकट ऑपरेशन केलं, तर निम्म्या लोकांची किडनी विनाकारण कापली जाईल. मग सुई घालून तपासून का घेत नाहीत? कारण सुईत बहुधा नुसतं पाणी येतं, पेशी येतातच असं नाही. रिपोर्ट स्वच्छ आला तरी खात्री होत नाही. शिवाय पाणी भरलेले कॅन्सर घट्ट गाठीच्या कॅन्सरपेक्षा सावकाश वाढतात आणि क्वचितच पसरतात. म्हणून वय झालेल्या, हृदय कमजोर असलेल्या किंवा एकच किडनी असलेल्या माणसाला तिसऱ्या श्रेणीतही नजर ठेवायचा सल्ला मिळाला, तर तो हलगर्जीपणा समजू नका. माझ्या मते तो बरेचदा शहाणपणाचा असतो. तरुण, धडधाकट माणसाचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

एक सावधगिरी मात्र हवी. ताप असेल, लघवीत जंतू असतील, तर जाड भिंतीची गाठ गळूही असू शकते. तिला ही प्रतवारी लावण्याआधी ते तपासावं लागतं.

तुमच्या रिपोर्टवर IIF लिहिलं असेल, तर पहिल्या स्कॅनची सीडी जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी सोबत न्या. नवी चित्रं त्या पहिल्या चित्रांशेजारी ठेवूनच वाचायची असतात.