बोळाच्या तोंडावरची गाडी

‘आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज वाहने लावली जातात, रहिवाशांना अतोनात त्रास होतो, तरी योग्य ती कारवाई करावी ही विनंती.’ असं पत्र लिहून दिलं की आपल्याला मोकळं वाटतं. वाहतूक शाखेत ज्याच्या टेबलावर ते जातं, त्याला मात्र त्यातून फारसं काही करता येत नाही. फार तर एका संध्याकाळी दोन गाड्यांना जॅमर लागतो, पत्रावर ‘कारवाई केली’ असा शेरा पडतो आणि प्रकरण निकाली निघतं. पुढच्या सोमवारी त्याच जागी तिसरीच गाडी उभी असते.

पुण्यातल्या पेठेतला एक नमुन्याचा बोळ घेऊ. तोंडाशी रुंदी ११ फूट, आत चार जुने वाडे आणि दोन इमारती. कोपऱ्यावर मिठाईचं दुकान, वरच्या मजल्यावर क्लास. गाड्या बोळात कोणी लावत नाही, त्या लागतात बाहेरच्या रस्त्यावर, अगदी कोपऱ्याला चिकटून. ‘बोळ तर मोकळाच आहे की!’ हे गाडीवाल्याचं ठरलेलं उत्तर, आणि टेप धरली तर ते खरंही ठरतं. रुग्णवाहिका सुमारे दोन मीटर रुंद, म्हणजे साडेसहा फूट. ११ फुटांतून ती सरळ सहज जाईल. पण तिला सरळ जायचं नसतं, वळायचं असतं. लांब गाडी वळताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून, कोपरा कापत जातात, आणि नेमक्या त्याच जागेवर ती मोटार उभी असते. समोरच्या कडेलाही गाड्या लागलेल्या असल्या की नाक बाहेर काढून मोठं वळण घ्यायची सोय उरत नाही. मग पुढे-मागे, पुढे-मागे. अडीच मीटर रुंदीचा अग्निशमन बंब तर नादच सोडतो. म्हणून तक्रारीत बोळाच्या रुंदीइतकंच दोन्ही कोपऱ्यांपासूनचं अंतर महत्त्वाचं असतं. पत्रात ते क्वचितच सापडतं.

पत्र लिहिण्याआधी दोनेक आठवडे एक साधी नोंद ठेवावी: तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि एकाच जागेवरून काढलेला फोटो, ज्यात कोपरा आणि नंबरप्लेट दोन्ही दिसतील. या वहीतून जे कळतं त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. तेच दोन-तीन नंबर पुन्हा पुन्हा येत असतील, तर तो माणसांचा प्रश्न आहे आणि दंडाने सुटू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नुसार इतरांना अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी ठेवता येत नाही. त्यासाठी तिथे ‘नो पार्किंग’ची पाटी असावीच लागते असं नाही. कलम १७७ चा दंड पहिल्यांदा ५०० आणि नंतर १५०० रुपये आहे. तीन-चार ई-चलनं घरी आली की नेहमीचा गाडीवाला जागा बदलतो.

आपल्या नमुन्यातल्या वहीत मात्र रोज वेगळे नंबर निघतात. वेळ तेवढी ठरलेली: सकाळी मालाचा टेम्पो, संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ मिठाईची गिऱ्हाइकं आणि क्लासच्या मुलांना न्यायला आलेले पालक. आजच्या गिऱ्हाइकाला झालेला दंड उद्याच्या गिऱ्हाइकाला ठाऊकही नसतो. इथे दोष जागेचा आहे, तेव्हा मागणीही जागेबद्दलच हवी. असं असूनही बहुतेक पत्रं इथेही गाड्यांचीच यादी जोडतात, आणि मग वर्षभर पोलीस व रहिवासी दोघेही वैतागत राहतात.

जागेबद्दलचा निर्णय चौकीतला हवालदार घेऊ शकत नाही. वाहन उभं करायला मनाई करण्याचे, पार्किंगच्या जागा ठरवण्याचे अधिकार त्याच कायद्याच्या कलम ११५ ते ११७ मध्ये आहेत, आणि पुण्यात तसे आदेश वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त काढतात. पी-१, पी-२ ची सम-विषम तारखांची पार्किंगही अशाच आदेशातून येते. बहुतेकदा आधी तात्पुरता आदेश निघतो, लोकांकडून सूचना-हरकती मागवल्या जातात आणि त्यांचा विचार करून अंतिम आदेश होतो. पाटी लावणं आणि रस्त्यावर पट्टे मारणं हे काम महापालिकेचं. म्हणून पत्र उपायुक्तांना, एक प्रत आपल्या भागाच्या वाहतूक विभागाच्या निरीक्षकांना आणि एक महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला.

आता पत्राचा गाभा. तो एवढाच पुरतो:

‘विषय: अमुक रस्त्यावरील अमुक बोळाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना पाच मीटर नो पार्किंग जाहीर करण्याबाबत.

महोदय, वरील बोळाची रुंदी तोंडाशी ११ फूट असून आत सहा इमारती आहेत. आत येण्यास दुसरा रस्ता नाही. रस्त्यावर बोळाच्या कोपऱ्यांना लागून वाहने उभी राहत असल्याने रुग्णवाहिकेस आत वळता येत नाही. सोबत जोडलेल्या नोंदीवरून ही वाहने रोज वेगवेगळी असून अडथळा मुख्यतः सायं. ६.३० ते ९.३० या वेळेत होतो, असे दिसून येईल. तरी (१) बोळाच्या दोन्ही कोपऱ्यांपासून पाच-पाच मीटर अंतर नो पार्किंग म्हणून जाहीर करावे, (२) तसा निर्णय होईपर्यंत वरील वेळेत अडथळा करणाऱ्या वाहनांवर कलम १२२ नुसार कारवाई व्हावी, ही विनंती.’

सोबत हाताने काढलेला नकाशा, चार निवडक फोटो, नोंदीचं एक पान आणि सह्या. चाळीस फोटो कोणी पाहत नाही.

पाचच मीटर का? जास्त मागायला काय हरकत आहे? हरकत दुकानदाराची येते. संपूर्ण रस्ता मोकळा मागितला की त्याचा धंदा बुडतो आणि सूचना-हरकतींच्या काळात त्याचंही पत्र तितक्याच सह्यांनिशी जातं. पाच मीटर म्हणजे साधारण एका मोटारीची जागा, तेवढ्यावर तो सहसा भांडत नाही. आधी त्याच्याशी बोलून टेम्पोची वेळ बदलून घेतली तर उत्तमच. आणखी एक गोष्ट सही करणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावी: आदेश निघाला की आपली स्कूटरही तिथे लावता येणार नाही. निम्म्या सह्या इथेच गळतात, असा माझा अंदाज आहे.

पाटीची वाट पाहता पाहता काही जण कोपऱ्यावर कुंड्या, दगड, सिमेंट भरलेले डबे मांडतात. राग समजण्यासारखा आहे, पण तोही सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळाच. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली त्याला पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मग तक्रारदारच आरोपी. बोळाच्या मधोमध लोखंडी खांब मागणं त्याहून वाईट. ज्या रुग्णवाहिकेसाठी पत्र लिहिलं तिलाच तो अडवतो.

पत्र हातोहात द्यावं आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. ॲपवरची किंवा फोनवरची तक्रार त्या संध्याकाळच्या गाडीपुरती ठीक, जागेच्या निर्णयासाठी आवक क्रमांकच लागतो. महिना-दीड महिन्यात हालचाल दिसली नाही तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारलं तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं उत्तर येण्याची शक्यता असते. त्याऐवजी आवक क्रमांक अमुकवर लिहिलेल्या टिप्पणीची आणि स्थळपाहणी अहवालाची प्रत मागावी. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. स्थळपाहणी झालीच नसेल, तर अर्जाला उत्तर देण्याआधी कोणीतरी येऊन जागा पाहून जाण्याची शक्यता बरीच वाढते. त्याने सकाळी अकराला न येता संध्याकाळी सातला यावं, म्हणून वेळ पत्रात ठळक लिहिलेली असावी.