गल्ला जुळला, खातं जुळलं का?

शटर ओढण्यापूर्वी गल्ल्यातल्या नोटा मोजायच्या, हे दुकानदाराला कुणी शिकवावं लागत नाही. शंभर रुपये कमी भरले तर तो तिथल्या तिथे काउंटरवरच्या पोराला विचारतो. त्याच दिवशी क्यूआर कोडवर आणि कार्ड मशीनवर झालेल्या पन्नास हजारांबद्दल मात्र त्याचा हिशोब बहुधा एवढाच असतो, ‘बँकेत येतातच की.’ येतात, हे खरं. पण कोणत्या दिवसाचे, किती आणि काय कापून आले, हे पाहायला कुणी बसत नाही. वर्षअखेरीला सीए विचारतो, ही जमा कशाची? तोवर आठवणारं कुणी उरलेलं नसतं.

पहिल्यांदा हिशोब लावायला बसणारा माणूस सहसा बिलिंगचा आकडा घेतो आणि पासबुकात तोच शोधतो. तो सापडत नाही, आणि दोन दिवसांत त्याचा नाद सुटतो. सापडणार तरी कसा? क्यूआर थेट आपल्या बँक खात्याचा असेल, तर प्रत्येक ग्राहकाचे पैसे सुटे सुटे, त्याच क्षणी जमा होतात. पासबुक लांबलचक होतं, पण सरळ असतं. क्यूआर आणि साउंडबॉक्स एखाद्या पेमेंट कंपनीचा असेल तर दिवसभराच्या पैशांची मोट बांधून ती कंपनी एक किंवा अनेक हप्त्यांत पैसे पाठवते. त्या कंपनीचा ‘दिवस’ आपल्या दुकानाच्या दिवसाशी जुळेलच असं नाही. काहींचा मध्यरात्री संपतो, काहींचा त्याआधी. कार्ड मशीनचं आणखी निराळं. तिथे दिवसभराचे व्यवहार एका बॅचमध्ये साठतात, बॅच सेटल केली की पुढे जातात, आणि पैसे बहुतेक वेळा बँकेच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी, कमिशन कापून येतात.

म्हणजे बिल आणि बँक यांच्यामध्ये एक मुक्काम आहे, आणि जुळवणी त्या मुक्कामावर करायची. ट्रान्सपोर्टने पाठवलेला माल जसा बिल्टी हातात असली तरी अजून पोचलेला नसतो, तसेच हे पैसे. वहीत किंवा टॅलीत त्यांचं वेगळं खातं उघडावं. ‘क्यूआर येणे’ आणि ‘कार्ड येणे’ अशी साधी नावं पुरेत. दोन कंपन्यांचे क्यूआर असतील तर दोन खाती, कारण दोघींच्या वेळा वेगळ्या आणि कपातीही वेगळ्या. विक्री झाली की रक्कम या खात्यात नावे पडते, बँकेत पैसे आले की जमा होते. त्यात जी शिल्लक राहील ती अजून वाटेत असलेल्या पैशांएवढीच हवी. रोज सकाळी पाहायचं ते एवढंच: ही शिल्लक कशाची आहे, हे मला सांगता येतं का?

यासाठी तीन कागद लागतात. दुकानाच्या बिलांची पद्धतवार बेरीज, क्यूआर कंपनीच्या ॲपमधला आणि कार्ड मशीनचा व्यवहारवार अहवाल, आणि बँकेचं स्टेटमेंट. आधी पहिला दुसऱ्याशी जुळवायचा, मग दुसरा तिसऱ्याशी. पहिल्याची गाठ एकदम तिसऱ्याशी घालायची नाही.

समजा, मिरजेतलं एक चपला-बुटांचं दुकान आहे. शनिवारी रात्री बिलिंग सांगतं: रोख १४,२६०, यूपीआय ३१,४८०, कार्ड १८,७००. क्यूआरच्या अहवालात मात्र यूपीआयचे ३०,६३० दिसतात. म्हणजे ८५० कमी. साहजिकच मालक ८५० रुपयांचं बिल शोधू लागतो. तसं बिलच नाही.

इथे बेरजा बाजूला ठेवून एकेक ओळ लावावी लागते. रक्कम आणि वेळ पाहत गेलं की दोन गोष्टी निघतात. संध्याकाळी पावणेआठला १,३५० रुपयांचं यूपीआय बिल आहे, पण अहवालात तसा व्यवहार नाही. उलट अहवालात ५०० रुपयांची एक नोंद आहे आणि तिला बिल नाही. ते ५०० कुणाचे, याचं उत्तर गल्ल्यात मिळतं. रोख मोजली तर तीही १४,२६० ऐवजी १३,७६० भरते, बरोबर ५०० कमी. एका ग्राहकाने बिल अर्धं रोख, अर्धं मोबाइलवर दिलं आणि पोराने सगळं रोखीत टाकलं. १,३५० वजा ५००, झाले ८५०. एक तूट आणि एक वाढ एकमेकींत लपली होती. दोन्ही रकमा सारख्या असत्या तर बेरीज बिनचूक जुळली असती आणि चूक तशीच राहिली असती. म्हणून बेरीज जुळली तरी ओळी तपासायच्या, आणि गल्ला व क्यूआर एकाच बैठकीत मोजायचे.

आता ते १,३५०. अशा तुटीची कारणं मोजकीच असतात. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले पण व्यवहार मध्येच अडकला, किंवा त्याने भलत्याच कोडवर पैसे टाकले, किंवा दाखवलेला स्क्रीनशॉट बनावट होता. ग्राहक ओळखीचा असेल तर त्याच्याकडून व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक मागवावा. ॲपमध्ये तो यूटीआर किंवा आरआरएन या नावाने दिसतो. तो आपल्या अहवालात शोधावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या खात्यातून पैसे वजा झाले पण दुकानात व्यवहाराची खात्री पोचली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत ते त्याला परत मिळायला हवेत. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाला. दुकानदाराच्या पदरात यातून काही पडत नाही, पण मुदत कळते. तोवर ही रक्कम ‘क्यूआर येणे’मध्ये ठेवू नये, कारण कंपनीकडून ती येणं नाही. ती त्या ग्राहकाच्या नावे उधारीत टाकावी. साउंडबॉक्स बोलल्याशिवाय पिशवी द्यायची नाही हा नियम बरा, पण शनिवारच्या गर्दीत तो किती पाळला जातो हे कुणाही दुकानदाराला विचारा.

दुरुस्तीनंतर ‘क्यूआर येणे’ ३०,६३० आणि ‘कार्ड येणे’ १८,७००. रविवारी दुकान बंद, पण यूपीआय सुट्टी मानत नाही. सकाळी बँकेत ३०,५७१ जमा दिसतात. यूपीआयला कमिशन नसतं ना, मग ५९ रुपये कुठे गेले? खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला कमिशन नाही, हे बरोबर. पण रुपे क्रेडिट कार्डही आता यूपीआयला जोडता येतं आणि त्यावर कमिशन लागू शकतं. क्यूआरच्या अहवालात पाहिलं तर २,५०० रुपयांचा एक व्यवहार तसा निघतो. करारात दर २ टक्के असेल तर ५० रुपये कमिशन आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९. हिशोब लागला.

सोमवारी कार्डाचे पैसे येतात: १०,५१७ रुपये ३४ पैसे. अपेक्षा १८,७००ची, म्हणजे आठ हजारांहून जास्त तूट. घाबरण्याआधी मशीनची सेटलमेंट पावती काढावी. शनिवारी तीन कार्डं लागली: एक व्हिसा डेबिट ४,२०० चं, दोन क्रेडिट कार्डं ६,५०० आणि ८,००० ची. पावतीवर पहिली दोनच आहेत. पोराने साडेनऊला बॅच सेटल केली आणि ८,००० चं गिऱ्हाईक दहाला दहा कमी असताना आलं. तो व्यवहार पुढच्या बॅचमध्ये गेला. ती सोमवारी रात्री सेटल होईल आणि पैसे मंगळवारी येतील. उरलेल्या १०,७०० मधून डेबिट कार्डावर ०.९ टक्क्याने ३७.८० आणि क्रेडिटवर समजा १.८ टक्क्याने ११७ रुपये, वर जीएसटी, मिळून १८२ रुपये ६६ पैसे कापले गेले. डेबिट कार्डाच्या कमिशनला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आहे. मशीनवरच्या व्यवहाराला २० लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या दुकानासाठी ०.४ टक्का, त्यावरच्यांसाठी ०.९. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तिथे करारात लिहिलेला दर हाच आधार, म्हणून तो करार ड्रॉवरमध्ये हाताशी असावा.

सोमवारी रात्री ‘कार्ड येणे’मध्ये शनिवारचे नेमके ८,००० उरले, आणि ते कशाचे हे सांगता येतं. बुधवारी सकाळीही ते तिथेच असले तर फोन करायचा. त्या वेळी ‘माझे पैसे आले नाहीत’ म्हटलं की पलीकडचा माणूस तक्रार क्रमांक देऊन मोकळा होतो. टर्मिनल क्रमांक, बॅच क्रमांक, व्यवहाराचा आरआरएन आणि तारीख दिली तर शोधायला त्याला निमित्त उरत नाही. हे सगळं चार्ज स्लिपवर छापलेलं असतं. त्या स्लिपची शाई मात्र काही महिन्यांत उडते, तेव्हा मोठ्या रकमांच्या स्लिपचा फोटो काढून ठेवावा. पुढे ग्राहकाने ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ म्हणून बँकेत वाद घातला, तर दुकानदाराच्या बाजूने बोलणारं बिल आणि ही स्लिप एवढंच असतं. वादातली रक्कम बहुधा न विचारता पुढच्या एखाद्या सेटलमेंटमधून वळती होते.

वळती होण्याचे प्रकार आणखी आहेत. मशीनचं किंवा साउंडबॉक्सचं मासिक भाडं, लगेच पैसे हवेत म्हणून दाबलेल्या बटणाचं शुल्क, आणि अलीकडे सर्रास दिसणारी गोष्ट म्हणजे ॲपवरून घेतलेल्या कर्जाचा रोजचा हप्ता. हा हप्ता विक्रीच्या पैशातूनच परस्पर कापला जातो. बँकेत आलेल्या रकमेलाच विक्री समजणाऱ्या दुकानदाराला मग धंदा पडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो कर्ज फेडत असतो.

वहीतही म्हणूनच बँकेत आलेला आकडा विक्री म्हणून लिहायचा नाही. विक्री १०,७०० चीच, तिच्यावरचा जीएसटीही पूर्ण रकमेवर. बँकेत १०,५१७.३४, कमिशन १५४.८० खर्चात, आणि त्यावरचा २७.८६ जीएसटी वेगळा. नियमित जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराला बँकेचं किंवा कंपनीचं रीतसर बीजक असेल तर हा कर वजा मिळतो, कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. दर महिन्याचं ते बीजक ईमेलवर किंवा ॲपमध्ये येऊन पडलेलं असतं, आणि बहुतेकांनी ते कधी उघडलेलं नसतं.

दुकानाच्या क्यूआरवर भावाने परत केलेले उसने पैसे किंवा भिशीची रक्कम घेण्याची सवयही याच वेळी मोडावी. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात वाणिज्य कर खात्याने यूपीआयवरच्या जमा पाहून छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या, तेव्हा यातले घरगुती पैसे किती आणि धंद्याचे किती, हे दाखवायची वेळ अनेकांवर आली. रोजच्या जुळवणीत बिल नसलेली जमा त्याच दिवशी डोळ्यांत भरते आणि तिच्यापुढे चार शब्द लिहून ठेवता येतात.

एक चोरी मात्र या पद्धतीत सापडत नाही. बिलच न करता माल गेला आणि पैसे काउंटरवरच्या माणसाच्या स्वतःच्या क्यूआरवर गेले, तर तिन्ही कागद बिनचूक जुळतील. काउंटरवर चिकटवलेला कोड आपलाच आहे ना, हे एक रुपया पाठवून आणि पडद्यावर येणारं नाव वाचून पाहता येतं. बाकीचं मालाच्या मोजणीतच कळतं.