चिप तीच, वॅट वेगळे

दुकानात दोन लॅपटॉप शेजारी मांडलेले असतात. एक जाडजूड, दुसरा वहीसारखा सडपातळ, आणि दोन्हींवर एकच स्टिकर: ‘आरटीएक्स ४०६०’. ग्राफिक्स चिप तीच आहे, तर हलकाच का घेऊ नये?

चिप खरोखर तीच असते. पण तिला किती वीज द्यायची, हे एनव्हिडिया लॅपटॉप बनवणाऱ्यावर सोडते: ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत. चिपने घेतलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. ती बाहेर टाकायला तांब्याच्या नळ्या आणि पंखे लागतात, त्यांना जागा लागते. सडपातळ लॅपटॉपमध्ये ती जागा नसते, म्हणून वॅट कमी ठेवले जातात. मग तीच चिप एकीकडे जेमतेम १४७० मेगाहर्ट्झला धावते, दुसरीकडे २३७० पर्यंत जाते.

इथे वीज तिपटीहून जास्त, पण वेग दीडपटीहून थोडाच अधिक. कारण वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. म्हणून वरच्या टोकाचे वीस-पंचवीस वॅट फारसं काही देत नाहीत. ८५-९० वॅटचा लॅपटॉप खुशाल घ्या. चाळीसच्या आसपासचा मात्र गेमसाठी घेऊ नका.

याच उष्णतेची परीक्षा कीबोर्डवर होते. गेम वीस मिनिटं चालू द्या, मग W, A, S, D वर बोटं ठेवा. पहिली पाच मिनिटं फसवी असतात, कारण धातू अजून थंड असतो. चटका जाणवला तर तो रोज जाणवणार. कीबोर्डवर हात आहेच, तर W, Shift आणि Space एकत्र दाबून ठेवा आणि R दाबून पाहा. काही कीबोर्ड चौथी कळ गिळतात.

स्क्रीनही चिपच्या ताकदीप्रमाणे निवडावी. १४४ हर्ट्झची स्क्रीन दर सात मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवू शकते. चिप सेकंदाला साठच चित्रं देत असेल, तर तो वेग वाया जातो. त्यापेक्षा रंग पाहा. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेली स्क्रीन फिकी दिसते.

बॅटरीवर गेम खेळायचा विचार सोडून द्या. चिप आणि प्रोसेसर मिळून १५० वॅट ओढू लागले, तर ६० वॅट-तासांची बॅटरी २४ मिनिटांत संपेल. म्हणून चार्जर काढताच लॅपटॉप स्वतःच वॅट कापतो. बॅटरी कॉलेजच्या तासांपुरती, लिहिण्या-वाचण्यासाठी पुरते का, एवढंच बघा.

पैसे देण्याआधी दुकानातच NVIDIA Control Panel उघडा, System Information वर जा आणि Maximum Graphics Power समोरचा आकडा वाचा. स्टिकरवर तो नसतो.