डोमेन रिन्यूअलच्या बनावट नोटिसा ओळखायच्या कशा

वेबसाइटसाठी डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, विकत घेतला की काही दिवसांतच मालकाकडे अनोळखी फोन, मेल आणि कधीकधी छापील पत्रेही येऊ लागतात. कोणी वेबसाइट बनवून द्यायला तयार असतो, कोणी लोगो, तर कोणी गूगलच्या पहिल्या पानावरची जागा. या गर्दीत सर्वांत जास्त पैसे उकळते ती ‘तुमच्या डोमेनची मुदत संपत आहे’ अशी नोटीस. ती बिलासारखी दिसते, तिच्यात डोमेनचे नाव अचूक असते आणि पैसे भरायची शेवटची तारीख जेमतेम चार-पाच दिवसांवर असते.

नाव अचूक असल्यामुळेच लोक फसतात. आपले डोमेन या लोकांना माहीत आहे, त्या अर्थी ते डोमेन देणाऱ्या कंपनीचेच असणार, असा समज होतो. प्रत्यक्षात डोमेनची बरीचशी माहिती सर्वांसाठी खुली असते. .com सारख्या शेवटाखाली नोंदलेल्या चालू नावांची यादी रोज तयार होते आणि रीतसर अर्ज करणाऱ्याला ती मिळते. कालची यादी आजच्या यादीशी ताडून पाहिली की नवी नावे लगेच कळतात. प्रत्येक नाव कधी नोंदले आणि त्याची मुदत कधी संपते, हेही कोणालाही पाहता येते. मालकाचे नाव आणि मेल-पत्ता पूर्वी याच नोंदीत उघड दिसत असे. मे २०१८ मध्ये युरोपचा खासगी माहितीसंबंधीचा कायदा लागू झाला आणि हा तपशील बहुतेक ठिकाणी झाकला गेला. तरी नव्या वेबसाइटच्या ‘संपर्क’ पानावर फोन आणि मेल लिहिलेले असतातच. नोटिशीतली माहिती खरी असली, तरी ती पाठवणाऱ्याचा त्या डोमेनशी संबंध आहे, एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

डोमेन रिन्यू करणे हे एकाच कंपनीचे काम आहे. जिच्याकडून डोमेन घेतले ती कंपनी, म्हणजे रजिस्ट्रार. .com ची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते आणि .in ची नोंदवही भारतातील निक्सी ही संस्था. पण या दोन्ही संस्था सामान्य मालकाला बिल पाठवत नाहीत. व्यवहार रजिस्ट्रारमार्फतच होतो. म्हणून कोणतीही नोटीस आली की दोनच गोष्टी पाहायच्या : आपला रजिस्ट्रार कोण आणि खरी मुदत कधीपर्यंत आहे.

एक उदाहरण घेऊ. सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याने १२ मार्च २०२५ रोजी एका वर्षासाठी .com डोमेन घेतले आणि त्याचे कर धरून साधारण हजार रुपये भरले. २८ एप्रिलला त्याला इंग्रजीत मेल येतो. विषयाच्या ओळीत डोमेनचे नाव आणि पुढे `FINAL NOTICE` असे शब्द आहेत. आत चौकटीचा तक्ता : डोमेनचे नाव, ग्राहक क्रमांक, मुदत ५ मेपर्यंत, एका वर्षाचे शुल्क ८९ डॉलर, दहा वर्षांचे घेतल्यास मोठी सवलत. खाली पैसे भरण्याचे ठळक बटण आहे. दीड महिन्यापूर्वी घेतलेल्या डोमेनची मुदत इतक्यात कशी संपेल, अशी शंका यायला हवी. पण पहिलेच डोमेन असेल, तर नोंदणी आणि रिन्यूअल यांतला फरकच माहीत नसतो. घाईने पैसे भरले जातात.

खरी तारीख पाहायला दोन मिनिटे लागतात. ब्राउझरमध्ये `lookup.icann.org` हा पत्ता स्वतः टाइप करून उघडायचा आणि तिथे डोमेनचे नाव घालायचे. डोमेनचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेचे हे पान मोफत आहे. संगणकावर `whois` ही आज्ञा असेल तर तीही चालते. या व्यापाऱ्याला तिथे साधारण अशा ओळी दिसतील :

```
Creation Date: 2025-03-12T06:41:09Z
Registry Expiry Date: 2026-03-12T06:41:09Z
Domain Status: clientTransferProhibited
```

मधली ओळ सांगते की मुदत १२ मार्च २०२६ पर्यंत आहे. नोटिशीतल्या ५ मे या तारखेला कसलाच आधार नाही. शेवटच्या ओळीचा अर्थ डोमेनला कुलूप आहे आणि ते परस्पर दुसऱ्या कंपनीकडे हलवता येणार नाही. याच पानावर `Registrar` या शब्दापुढे आपल्या कंपनीचे नाव असते. नोटीस पाठवणाऱ्याचे नाव त्याहून वेगळे असेल, तर विषय तिथेच संपतो. एक खाचखळगा मात्र आहे. मुदत उलटून गेली आणि पैसे भरलेले नसले, तरी मूळ नोंदवही काही दिवस तारीख आपोआप एका वर्षाने पुढे दाखवते. म्हणून मुदतीच्या आसपासच्या दिवसांत या पानावर विसंबू नये. रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन करून तिथली तारीख पाहावी.

आता मेलच्या तळाशी जाऊ, कारण या धंद्याचे खरे रूप तिथे बारीक, फिकट अक्षरांत असते. तिथे लिहिलेले असते की हे बिल नाही, हा केवळ प्रस्ताव आहे आणि शुल्क शोधयंत्रांमध्ये वेबसाइटची ‘नोंद’ करण्यासाठी आहे. इंग्रजीत `This is not a bill` हे शब्द आढळतात. म्हणजे ८९ डॉलर भरून डोमेनची मुदत एका दिवसानेही वाढत नाही. गूगलमध्ये वेबसाइट दिसायला पैसे लागतच नाहीत, त्यामुळे ही नोंद घेऊन मिळत काहीच नाही. पैसे भरले नाहीत तर डोमेनला धक्काही लागत नाही. ही फसवणूक सर्वांत सामान्य आहे आणि त्यातल्या त्यात कमी नुकसानीची.

दुसरा प्रकार जुना आणि जास्त त्रासाचा. रिन्यूअलच्या नावाखाली मालकाकडून डोमेन हलवण्याची संमती घेतली जाते आणि ते कित्येक पट महाग कंपनीकडे जाते. ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’ या नावाने टपालाने जाणारी अशी पत्रे कुप्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००३ मध्ये या कंपनीवर कारवाई केली. तिच्याशी संबंधित रजिस्ट्रारला पुढे २०१४ मध्ये आयकॅनने काही काळासाठी निलंबित केले. .com चे नवे डोमेन पहिले ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, म्हणून ही पत्रे बहुधा खरी मुदत जवळ आल्यावर येतात आणि तारीखही खरी असते. अशा वेळी खूण एकच : ते ‘ऑथ कोड’ मागतात. ऑथ कोड म्हणजे डोमेन हलवण्याची किल्ली. रिन्यूअलसाठी तो कधीही लागत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. मेल हुबेहूब आपल्याच रजिस्ट्रारचा वाटतो, लोगोही तोच, आणि बटण दाबले की तसेच लॉगिनचे पान उघडते. तिथे पासवर्ड टाकला की खाते चोराच्या हाती जाते. तो डोमेनचे नेमसर्व्हर बदलू शकतो. मग वेबसाइटच नव्हे, तर त्या डोमेनवरचे मेलही त्याच्याकडे वळतात, आणि मेलबरोबर बँकेचे व इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे मार्गही. या प्रकारात अडचण अशी की रजिस्ट्रारकडून खरेच काही मेल येतात. नवे डोमेन घेतल्यावर मेल-पत्ता पडताळण्याची विनंती येते. ती १५ दिवसांत पूर्ण केली नाही, तर रजिस्ट्रार डोमेन बंद ठेवू शकतो. वर्षातून एकदा संपर्काची माहिती तपासायची आठवण येते. आयकॅनच्या नियमाप्रमाणे मुदतीपूर्वी साधारण महिनाभर आणि साधारण आठवडाभर आधी अशा दोन आठवणी पाठवणेही बंधनकारक आहे. म्हणून अशा मेलकडे दुर्लक्ष करणेही योग्य नाही. मेलमधले बटण सोडून द्यावे, रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करावा आणि खात्यात जाऊन पाहावे. खरी सूचना असेल तर ती तिथेही दिसतेच.

‘आज पैसे भरले नाहीत तर उद्या डोमेन दुसऱ्याचे’ ही धमकी तर उघड खोटी असते. .com चे डोमेन मुदत संपल्याच्या रात्री सुटत नाही. रजिस्ट्रारनुसार कमी-जास्त, पण बहुधा काही आठवडे नेहमीच्या दराने रिन्यू करता येते. त्यानंतर डोमेन वगळले गेले, तरी ३० दिवस ते जादा शुल्क भरून मूळ मालकालाच सोडवता येते. वेबसाइट मात्र या काळात बंद पडू शकते, म्हणून वेळेवर भरणे चांगलेच.

नोटिशींखेरीज दोन प्रस्ताव जपून हाताळण्यासारखे आहेत. पहिल्यात चीनमधली एखादी ‘नोंदणी संस्था’ कळवते की, कोणीतरी तुमच्या ब्रँडच्या नावाने .cn आणि .asia डोमेनसाठी अर्ज केला आहे. तुमची हरकत असेल तर तीच डोमेन तुम्ही आधी घ्या. डोमेन पहिल्या येणाऱ्याला मिळते. रजिस्ट्रार ते देण्यापूर्वी तिसऱ्या माणसाला विचारत बसत नाही. तो अर्जदार अस्तित्वातच नसतो. दुसऱ्यात एक ग्राहक डोमेनसाठी लाखो रुपये देऊ करतो, गोड बोलतो आणि मग एका ठरावीक वेबसाइटवरून किमतीचा दाखला आणायला सांगतो. दाखल्याचे पैसे भरले की ग्राहक गायब. खरा ग्राहक असा दाखला विशिष्ट ठिकाणाहूनच आणा, असे म्हणत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्या फोनबद्दल इतकेच की गूगल कोणालाही तशी हमी विकू देत नाही.

पैसे गेलेच असतील, तर कार्ड किंवा यूपीआय ज्या बँकेचे, तिला लगेच कळवावे. पासवर्ड दिला गेला असेल, तर तो बदलावा, दुहेरी पडताळणी सुरू करावी आणि खात्यातला मेल-पत्ता, नेमसर्व्हर व कुलूप तपासावे. काही बदललेले दिसले तर रजिस्ट्रारला त्याच दिवशी फोन करावा. डोमेन हलवण्याची विनंती नुकतीच झाली असेल, तर ती पूर्ण व्हायला बहुधा पाच दिवस लागतात आणि तोवर जुन्या रजिस्ट्रारमार्फत नकार देता येतो. भारतात आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर आणि `cybercrime.gov.in` वर करता येते. ती जितकी लवकर होईल, तितकी पैसे खात्यातच गोठवले जाण्याची शक्यता जास्त.