साठ हर्ट्झ, साठ अंश

डिजिटल फिल्टरच्या आलेखात उभ्या अक्षावर फिल्टर किती संकेत पुढे जाऊ देतो ते असते आणि आडव्या अक्षावर वारंवारता. घोटाळे होतात ते आडव्या अक्षावर. एका आलेखात हा अक्ष ०.५ ला संपतो, दुसऱ्यात १ ला, तिसऱ्यात ३.१४ ला आणि चौथ्यात १८० ला. हे चारही आलेख एकाच फिल्टरचे असू शकतात.

याचे कारण असे की फिल्टरला सेकंद कळत नाही. त्याच्यापुढे एकामागून एक आकडे येतात, आणि चालू नमुना व आधीचे काही नमुने घेऊन तो बेरीज-वजाबाकी करतो. दोन नमुन्यांच्या मध्ये किती वेळ गेला, हे त्याच्या गणितात कुठेच नसते. त्यामुळे त्याची स्वतःची वारंवारता 'दर नमुन्याला किती' अशीच मोजावी लागते. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला आवर्तने, आणि तिथे पोहोचण्यासाठी सेकंदाला किती नमुने घेतले हे बाहेरून सांगावे लागते.

हृदयाच्या आलेखाचे, म्हणजे ईसीजीचे, उदाहरण घेऊ. बॉस्टनमध्ये तयार झालेला एमआयटी-बीआयएच हा ईसीजी नोंदींचा संग्रह १९८० पासून जगभर वापरला जातो. त्यात सेकंदाला ३६० नमुने आहेत. अमेरिकेत घरगुती वीज ६० हर्ट्झची असते, तिची घरघर ईसीजीत मिसळते, आणि ती काढणारा फिल्टर सोयीने बसवता यावा हा ३६० निवडण्यामागचा एक हेतू होता. ३६० भागिले ६० म्हणजे ६. विजेच्या घरघरीचे एक आवर्तन बरोबर सहा नमुन्यांत पुरे होते. हीच वारंवारता नमुन्यांच्या भाषेत दर नमुन्याला एक षष्ठांश आवर्तन, म्हणजे ०.१६७. एका आवर्तनात २π रेडियन, म्हणून रेडियनमध्ये ती π/३, साधारण १.०४७. आणि ३६० या आकड्याची गंमत अशी की इथे एक हर्ट्झ म्हणजे दर नमुन्याला एक अंश. साठ हर्ट्झची लाट दर नमुन्याला साठ अंश पुढे सरकते. असे सोपे गणित दुसऱ्या दरावर जमत नाही.

ही वारंवारता पूर्ण पुसणारा सर्वांत छोटा फिल्टर असा:

```
y[n] = x[n] - 2*cos(w0)*x[n-1] + x[n-2]
```

`w0` ला π/३ घातले की कोसाइन अर्धा येतो आणि मधला गुणक नेमका १ उरतो. चालू नमुन्यातून आधीचा वजा करायचा आणि त्याआधीचा मिळवायचा, इतकेच काम. सहा नमुन्यांची लाट २, १, −१, −२, −१, १ अशी घेऊन पाहता येते. तिसऱ्या नमुन्याला −१ − १ + २ म्हणजे शून्य, चौथ्याला −२ + १ + १ म्हणजे पुन्हा शून्य. पुढेही तसेच. हा फिल्टर ओबडधोबड आहे, वरच्या टोकाच्या वारंवारता तो तिप्पट करतो. प्रत्यक्षात याहून अरुंद खाचेचा वापरतात. पण एकके तपासायला यासारखा दुसरा नाही, कारण सगळे हातानेच कळते.

पहिली चूक २π विसरण्याची. `cos` ला रेडियन लागतात, आणि हाताशी असलेला ०.१६७ हा आकडा तसाच आत गेला, तर संगणक त्याला ०.१६७ रेडियन समजतो. ते साडेनऊ अंश होतात, म्हणून खाच ६० ऐवजी साधारण ९.५ हर्ट्झवर पडते. ईसीजीतल्या उंच टोकदार ठोक्याची बरीचशी ताकद नेमकी याच्या आसपास असते. परिणामी घरघर राहते आणि ठोका खचतो. ही चूक निदान दिसते तरी.

दुसरी चूक जास्त फसवी, कारण तिच्यात गुणक फक्त दोनचा असतो. सेकंदाला ३६० नमुने असतील तर १८० हर्ट्झपर्यंतच्याच वारंवारता वेगळ्या ओळखता येतात; या मर्यादेला नायक्विस्ट वारंवारता म्हणतात. मॅटलॅबने फिल्टर घडवताना हीच मर्यादा १ धरण्याचा रिवाज पाडला आणि पायथनच्या सायपाय संचातही तो आला. तिथे दर सांगितला नाही, तर ६० हर्ट्झ म्हणजे ६०/१८०, अर्थात ०.३३३. पुस्तकातला एक षष्ठांश दिला तर खाच ३० हर्ट्झवर पडते आणि संगणक काही बोलत नाही. π/३ दिले तर मात्र आकडा १ च्या वर जातो आणि तो अडतो. म्हणजे चूक पकडली जाणे हे बरेचसे नशिबावर. त्यात `iirnotch` ला नायक्विस्टचा अंश हवा असतो, तर `freqz` दर न सांगितल्यास रेडियन परत देतो. एकाच संचातली ही दोन तोंडे. दोन्हीकडे `fs=360` लिहिले की हर्ट्झमध्येच बोलता येते.

नाव नसलेला आडवा अक्ष ओळखायचा तर उजवे टोक पाहावे. ०.५ म्हणजे दर नमुन्याला आवर्तने, ३.१४ म्हणजे रेडियन, १ म्हणजे नायक्विस्टचा अंश, आणि दराच्या निम्मा आकडा असेल तर हर्ट्झ. एकच सावधगिरी: काही आलेख पूर्ण फेरा दाखवतात. तिथे रेडियनचा अक्ष ६.२८ पर्यंत जातो आणि आवर्तनांचा १ पर्यंत. तो १ नायक्विस्टचा वाटू शकतो. मध्यावर आलेख आरशासारखा उलटा फिरत असेल तर पूर्ण फेरा समजावा.

तिसरी चूक दर बदलल्यावर होते. भारतात वीज ५० हर्ट्झची. वरचाच फिल्टर ३०० नमुन्यांच्या नोंदीवर चालवला तर तो ५० हर्ट्झ चोख पुसतो, कारण ३०० चा षष्ठांश ५० आहे. ५०० नमुन्यांच्या नोंदीवर मात्र खाच ८३ हर्ट्झवर जाते. तिथे ५० हर्ट्झ म्हणजे दर नमुन्याला ३६ अंश, आणि या फिल्टरमधून साधारण ६२ टक्के घरघर पार होते. गुणक तेच, आलेखही तोच. बदलले ते फक्त अक्षावरचे हर्ट्झचे आकडे.

उरला विलंब. कलेच्या आलेखाचा उतार म्हणजे फिल्टरने संकेताला लावलेला उशीर. आपल्या फिल्टरचा उशीर एक नमुना आहे, म्हणजे ३६० च्या दराला २.८ मिलिसेकंद. कला रेडियनमध्ये आणि अक्षही दर नमुन्याला रेडियनमध्ये असेल, तर खाचेच्या अलीकडे उतार −१ येतो आणि त्याचे चिन्ह बदलले की 'एक नमुना' हे उत्तर थेट मिळते. अक्ष हर्ट्झमध्ये असेल तर तोच उतार दर हर्ट्झला −०.०१७५ रेडियन वाचला जातो. याला सेकंद समजून १७.५ मिलिसेकंद लिहिणारे पुष्कळ असतात. हर्ट्झमध्ये आवर्तने मोजलेली असतात आणि कलेत रेडियन, म्हणून आधी २π ने भागावे लागते, मग २.८ मिलिसेकंद येतात.